पोत्यातले पाणी

पावसाळ्यात पशुखाद्याला बुरशी येते ही गोष्ट कोणत्याही दूध उत्पादकाला नवी नाही. पोते उघडले की कुबट वास येतो, तळाशी हात घातला की पेंडीचे गोळे हाताला लागतात, कधी त्यांवर हिरवट पिवळी पूड दिसते. पुढे काय होते तेही ठरलेले असते. गोळे फोडायचे, उघडीप मिळाली तर खाद्य ताडपत्रीवर पसरून ऊन द्यायचे, मग ते चांगल्या खाद्यात थोडे थोडे मिसळून संपवायचे. सरकी पेंडीचे पोते किती महाग पडते हे ज्याला माहीत आहे, तो या वागण्याला नावे ठेवणार नाही. पण या सगळ्या खटपटीत बुरशी मरते आणि बुरशीने केलेले विष तसेच राहते. या पुस्तकाचा विषय ते विष आणि त्याच्या आधी पोत्यात शिरलेले पाणी हा आहे.

विषाची ओळख जगाला झाली ती इंग्लंडमध्ये, 1960 साली. तिथल्या कुक्कुटपालकांची टर्की पक्ष्यांची पिल्ले अचानक मरू लागली आणि काही महिन्यांत मेलेल्या पिल्लांची संख्या एक लाखाच्या वर गेली. रोगजंतू सापडेना, तेव्हा रोगाचे नाव 'टर्की एक्स' असे ठेवले गेले. शोध घेता घेता तो खाद्यातल्या एका घटकापाशी येऊन थांबला. ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीवर अॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी वाढलेली होती आणि तिने तयार केलेल्या रसायनांनी पिल्लांची यकृते निकामी केली होती. या रसायनांना अफ्लाटॉक्सिन म्हणू लागले. अतिनील प्रकाशात निळी चमकतात ती बी गटातली आणि हिरवी चमकतात ती जी गटातली, अशी त्यांची विभागणी झाली. त्यातले बी 1 सर्वांत घातक. ते माणसात यकृताचा कर्करोग घडवते हे आता निर्विवाद मानले जाते.

दुधाचा संबंध दोनतीन वर्षांतच पुढे आला. दूषित पेंड खाणाऱ्या गायींच्या दुधात एक विषारी द्रव्य सापडले. गायीचे यकृत बी 1 चे रूपांतर करते आणि त्यातला काही भाग एम 1 या नावाने दुधात उतरतो. विषारी खाद्य खाल्ल्यावर साधारण बारा ते चोवीस तासांत एम 1 दुधात दिसू लागते आणि ते खाद्य बंद केल्यावर तीनचार दिवसांत दूध पुन्हा स्वच्छ होते. दूध उकळून किंवा पाश्चरायझेशन करून ते जात नाही. केसीनला चिकटून राहत असल्यामुळे दुधाचे पनीर किंवा चीज केले की ते उलट दाट होते. गोठ्यात झालेली चूक पुढे कोणत्याही टप्प्यावर दुरुस्त होत नाही, ती या कारणामुळे.

आपल्या देशाने हे विष फार जवळून पाहिलेले आहे. 1974 च्या ऑक्टोबरात राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत, बांसवाडा आणि पंचमहाल या जिल्ह्यांत, मक्याच्या काढणीवेळी अवेळी पाऊस झाला. कणसे ओली राहिली, ती तशीच घरात साठवली गेली आणि तोच मका पुढचे काही आठवडे रोजच्या भाकरीला आला. कावीळ होऊन, पोटात पाणी साठून शंभराहून जास्त माणसे दगावली. त्याच घरांतली कुत्रीही मेली, आणि वैद्यांना अन्नाचा संशय यायला ही गोष्ट उपयोगी पडली. मका वाईट जातीचा नव्हता. तो ओला असताना कोंडला गेला एवढेच.

दुभत्या जनावरांच्या खाद्याकडे दोन दिशांनी पाहिले गेले. युरोपने कायद्याचा मार्ग धरला. 1974 पासूनच तिथे जनावरांच्या खाद्यातल्या अफ्लाटॉक्सिनला मर्यादा घालायला सुरुवात झाली आणि ती मर्यादा घट्ट होत गेली. आज दुभत्या गायीच्या तयार खाद्यात किलोमागे 5 मायक्रोग्रॅम आणि दुधात किलोमागे 0.05 मायक्रोग्रॅम ही तिथली रेघ आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. प्रयोगशाळेच्या अहवालात 'पीपीबी' असे लिहिलेले असते, तेही किलोमागे मायक्रोग्रॅमच. भारतात दुधाची मर्यादा 0.5 आहे, युरोपच्या दहापट सैल, आणि भारतीय मानक ब्युरोच्या पशुखाद्य मानकात बी 1 साठी 20 ची मर्यादा आहे. युरोपची रेघ निसर्गाला मान्य असतेच असे नाही. 2012 च्या कोरड्या उन्हाळ्यात बाल्कन देशांतला मका शेतातच दूषित झाला, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला दुधात एम 1 सापडले आणि सर्बियाने आपली दुधाची मर्यादा 0.05 वरून 0.5 वर नेली. दूध सुधारण्याऐवजी मर्यादा सुधारली, असे म्हटले तर अन्याय होणार नाही.

आपल्याकडे भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या 2018 च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणाने हा विषय दुधाच्या चर्चेत आणला. तोवर भेसळ म्हणजे पाणी, युरिया आणि डिटर्जंट एवढेच लोकांच्या मनात होते. 6,432 नमुन्यांपैकी 368 नमुन्यांत, म्हणजे जवळपास पावणेसहा टक्क्यांत, एम 1 मर्यादेपेक्षा जास्त निघाले. हे भेसळखोराचे काम नव्हते. खाद्य आणि चाऱ्यातून ते आले, असे प्राधिकरणानेच नमूद केले. ज्या शेतकऱ्याने दुधात थेंबभर पाणीही घातलेले नाही त्याचेही दूध या परीक्षेत नापास होऊ शकते, हे त्या आकड्यांतून पहिल्यांदा समोर आले.

दुसरी दिशा उपायांची. त्यात चार परंपरा दिसतात आणि या पुस्तकाच्या वाचकाला त्या आधीच वेगळ्या ओळखता आल्या तर पुढचे सोपे जाईल. एक परंपरा वाळवण्याची. बुरशीला पाणी मिळू द्यायचे नाही. दुसरी हवा बंद करण्याची. आपल्याकडचे जमिनीखालचे पेव हे तिचे जुने रूप. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे सर्वांना माहीत आहेत. पेवात प्राणवायू इतका कमी होतो की आत उतरणाऱ्या माणसाचा जीव धोक्यात येतो, आणि बुरशीलाही तीच अडचण होते. आजच्या हवाबंद पिशव्या हेच तत्त्व वापरतात. तिसरी परंपरा रसायनांची, मुख्यतः प्रोपिऑनिक आम्लाची. खाद्य कारखान्यात ते मिसळले की बुरशी उगवायला उशीर लागतो. चौथी परंपरा उशिराने जागी होणारी. विष झालेच आहे, आता ते पचनमार्गात पकडा. बेंटोनाइटसारख्या चिकणमातीच्या कणांना अफ्लाटॉक्सिन चिकटते आणि शेणावाटे बाहेर जाते, हे 1980 च्या दशकापासून प्रयोगांत सिद्ध होत गेले. बाजारात 'टॉक्सिन बाइंडर' म्हणून मिळतात त्यांतली बरीच उत्पादने या मातीवर उभी आहेत.

चारही परंपरांना शास्त्रीय आधार आहे. पण गेल्या काही वर्षांत आपल्याकडे चौथीचा बोलबाला झाला आहे, कारण तिची पाकिटे विकता येतात आणि कोरडेपणाचे पाकीट कोणी बनवलेले नाही. बाइंडर दुधातले एम 1 कमी करतो, हे खरे. तो शून्य करत नाही, मात्रा कमी पडली तर नीट कामही करत नाही, आणि कुजलेल्या खाद्यातली हरवलेली ऊर्जा आणि प्रथिने परत देत नाही. तिसरीबद्दलही एक गैरसमज आहे. प्रोपिऑनिक आम्ल बुरशीला अडवते, आधी झालेल्या विषाला हातही लावत नाही. मागच्या हंगामात खराब झालेल्या मक्यावर ते शिंपडून काहीही साध्य होत नाही. या पुस्तकाने पहिल्या परंपरेवर भर दिला आहे आणि मला तो भर योग्य वाटतो. आपल्या गोठ्यांत खरी लढाई पाण्याशी आहे आणि ते पाणी बहुतेक वेळा दिसत नाही.

हे जरा नीट समजून घेऊ. बुरशीला खाद्यातले सगळे पाणी मिळत नाही. काही पाणी कणांना घट्ट धरलेले असते, काही मोकळे असते. मोकळ्या पाण्याचा अंदाज सोप्या रीतीने असा बांधता येतो की ते खाद्य बंद डब्यात ठेवले तर डब्यातल्या हवेची आर्द्रता कितीवर स्थिरावते ते पाहायचे. ती सत्तर टक्क्यांच्या आत असेल तर बुरशी जवळपास वाढतच नाही. अॅस्परजिलस फ्लेव्हसला ऐंशीच्या आसपास आर्द्रता लागते आणि पंचवीस ते पस्तीस अंश तापमान तिला सर्वांत मानवते, म्हणजे आपल्याकडचा जवळजवळ सगळा पावसाळा. मक्याचा भरडा सत्तरच्या रेघेवर असतो तेव्हा त्यात तेरा-चौदा टक्के पाणी असते. शेंगदाण्यात मात्र सात-आठ टक्क्यांनाच ती रेघ येते, कारण तेल पाणी धरत नाही आणि असलेले थोडे पाणीही मोकळे राहते. म्हणून 'बारा टक्के ओलावा चालतो' हा एकच नियम सगळ्या घटकांना लावणे धोक्याचे आहे. मक्याला तो सुरक्षित आहे, तेल जास्त राहिलेल्या शेंगदाणा पेंडीला नाही.

कोरडे खाद्य कोरडे राहत नाही, कारण ते हवेतून ओलावा घेते. जुलैत कोल्हापूरच्या पश्चिम भागात किंवा कोकणात दिवसचे दिवस आर्द्रता पंचाऐंशी-नव्वदच्या खाली येत नाही. विणलेले प्लास्टिकचे पोते हवा अडवत नाही. मळी घातलेली कांडी तर ओलावा आणखी ओढते. पण पूर्ण थप्पी हवेतून ओली व्हायला वेळ लागतो. लवकर ओला होतो तो तळ, भिंतीकडची बाजू आणि पत्र्याखालचा वरचा थर. तिथे पाणी कुठून येते ते पाहण्यासाठी एका पोत्याचा हिशेब मांडतो, कारण आकडे पाहिल्याशिवाय ही गोष्ट पटत नाही.

पन्नास किलोचे कांडी खाद्याचे पोते. कारखान्यातून ते अकरा टक्के ओलाव्यावर निघाले, म्हणजे आत साडेपाच किलो पाणी आणि साडेचव्वेचाळीस किलो कोरडे द्रव्य. संपूर्ण पोते चौदा टक्क्यांवर न्यायचे असेल तर त्यात दीड किलो पाणी जाऊन भागत नाही, जवळपास पावणेदोन किलो लागते. ही गोष्ट काही आठवड्यांची आहे आणि वजनात दिसते. पोते आणल्यावर वजन करून ठेवले आणि तीन आठवड्यांनी किलोभर वाढलेले आढळले, तर कोणत्याही यंत्राशिवाय कळते की खाद्य पाणी पीत आहे. आता वेगळे चित्र पाहा. पोते सिमेंटच्या कोब्यावर थेट ठेवले आहे आणि तळाची ओल फक्त शेवटच्या पाच किलोत शिरली. त्या पाच किलोला अकरावरून सोळा टक्क्यांवर न्यायला फक्त तीनशे मिलिलिटर पाणी पुरते. दीड पेला. पोत्याचे वजन तीनशे ग्रॅमने वाढले हे कोणाच्या लक्षात येणार? वरच्या पंचेचाळीस किलोत हात घातला तर सगळे चोख.

बुरशीसाठी सोळा टक्के म्हणजे पंगत. एकदा ती वाढू लागली की तिच्या श्वसनातून आणखी पाणी आणि उष्णता सुटते, सोंडे किडे आणि तांबडे भुंगेरे आले तर त्यांचीही भर पडते आणि ओला भाग स्वतःच पसरत जातो. पंधरवड्यानंतर त्या पाच किलोत किलोमागे 500 मायक्रोग्रॅम बी 1 तयार झाले, असे धरू. अनुकूल परिस्थितीत याहून बरेच जास्तही होऊ शकते. उरलेले पंचेचाळीस किलो चांगले, किलोमागे 5 मायक्रोग्रॅमचे. गोठ्यात पाच गायी आहेत, प्रत्येकी बारा लिटर दूध, प्रत्येकी पाच किलो खाद्य. एक पोते दोन दिवस जाते.

पोते पूर्ण चांगले असते तर एका गायीच्या पोटात दिवसाला 25 मायक्रोग्रॅम बी 1 गेले असते. त्यातले सुमारे दोन टक्के दुधात उतरते असे धरले तर बारा लिटरमध्ये अर्धा मायक्रोग्रॅम, म्हणजे लिटरमागे 0.04. युरोपच्या कडक मर्यादेतही ते बसते. आता तळ ओला असलेले पोते घ्या. चांगल्या भागातून 225 आणि वाईट भागातून 2,500, मिळून 2,725 मायक्रोग्रॅम. दोन दिवसांत, पाच गायींत वाटले तर प्रत्येकीला दिवसाला सरासरी 272. दोन टक्क्यांनी दुधात 5.4 आणि लिटरमागे 0.45. आपल्या 0.5 च्या मर्यादेला लागून उभे. दुधाळ गायीत दोन टक्क्यांऐवजी चार किंवा सहा टक्केही दुधात उतरू शकते, तेव्हा हे दूध मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट जाईल. दीड पेला पाण्याने दूध दहापट दूषित झाले, आणि पोत्याचा नव्वद टक्के भाग निर्दोष होता.

हाच हिशेब नमुन्याबद्दलही एक गोष्ट सांगून जातो. पोत्याच्या तोंडाशी मूठ भरून तपासणीला पाठवली असती तर अहवालात 5 आले असते आणि आपण निर्धास्त झालो असतो. अफ्लाटॉक्सिन खाद्यात सारखे पसरलेले नसते, ते घोळक्यांनी असते. म्हणून चांगला नमुना अनेक पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून घेतात. सगळे एकत्र दळून, ढवळून मग त्यातला थोडा भाग प्रयोगशाळेत जातो. प्रयोगशाळेचे महागडे यंत्र चुकत नाही, नमुना घेणारा हात चुकतो. आणि डोळ्यांवर तर मुळीच भरवसा नको. हिरवी बुरशी दिसली म्हणजे विष आहेच असे नाही, आणि विष असताना बुरशी मरून, दळून, कांडीत दडून गेलेली असू शकते. अतिनील दिव्याखाली मका हिरवट पिवळा चमकला की काहीजण लगेच निष्कर्ष काढतात. ती चमक अफ्लाटॉक्सिनची नसते, त्याच बुरशीच्या दुसऱ्या एका द्रव्यातून आलेली असते. संशयाला ती पुरते, पुराव्याला नाही.

तीनशे मिलिलिटर पाण्याच्या येण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत आणि त्या बंद करण्याचा खर्च पोत्याच्या किमतीच्या मानाने नगण्य आहे. पहिली वाट जमीन. कोबा कोरडा दिसतो, पण खालून ओल येत राहते. थप्पीखाली जमिनीपासून निदान अर्धा फूट उंच लाकडी फळ्यांचा माच हवा, त्याखालून हवा खेळली पाहिजे. फळ्या न मिळाल्या तर विटांवर बांबू आडवे टाकूनही चालते. दुसरी वाट भिंत. पोती भिंतीला टेकवली की भिंतीची ओल पोत्यात जाते आणि उंदरांना मागून रस्ता मिळतो. मधे फूट-दीड फूट जागा सोडायची. जागा लहान असते म्हणून लोक भिंतीला थप्पी लावतात. मी त्यांना सांगतो, तेवढी जागा नसेल तर तेवढी पोती आणू नका.

तिसरी वाट छपराची आणि ती सर्वांत जास्त फसवते. दिवसा पत्र्याचे शेड तापते, खाद्यातला ओलावा वर येतो. पहाटे पत्रा थंड होतो आणि त्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमून थप्पीवर पडतात. पत्रा गळत नसतो, तरी वरची पोती ओली. ते पाहून माणूस थप्पीवर प्लास्टिकचा कागद घट्ट लपेटतो. आता तेच थेंब कागदाच्या आत जमतात. ताडपत्री पावसाचे शिंतोडे अडवायला बाजूने लावावी, थप्पी गुदमरेल अशी बांधू नये, आणि पत्र्याखाली शक्य असेल तर बांबूच्या तट्ट्याचे किंवा तत्सम छत घालावे. चौथी वाट कारखान्यातच सुरू होते. कांडी वाफेवर सत्तर-ऐंशी अंशांना तयार होते. ती नीट थंड न करता पोत्यात भरली तर आत घाम सुटतो आणि तो पोत्याच्या कडेला जमतो. गाडी उतरवताना पोत्याला हात लावून पाहावा. कोमट लागले तर ते थप्पीत घालण्याआधी उघडून पसरावे, आणि पुरवठादाराशी बोलण्याचीही हीच वेळ असते.

याखेरीज एक वाट गोठ्यातल्या सवयीतून येते. आंबोण भिजवून सकाळचे उरलेले संध्याकाळी आणि संध्याकाळचे उरलेले दुसऱ्या सकाळी पुढे करणे, गव्हाणीच्या कोपऱ्यात चिकटलेला जुना थर न खरवडणे, रिकाम्या जुन्या पोत्यांत नवे खाद्य भरणे. जुन्या पोत्याच्या शिवणीत बुरशीचे बीजाणू वाट पाहत असतातच. त्या बीजाणूंवाचून बुरशीचे अडते असे काही नाही, पण तिला आयती सुरुवात कशाला द्यायची?

ओलावा मोजायला यंत्र नसेल तर मिठाची जुनी युक्ती भरड धान्याला चालते. स्वच्छ, पूर्ण कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर मका घालायचा, त्यात तव्यावर भाजून कोरडे केलेले चमचाभर मीठ टाकायचे, बाटली मिनिटभर हलवून थोडा वेळ उभी ठेवायची. मीठ काचेला चिकटले तर मक्यात पंधरा टक्क्यांहून जास्त पाणी आहे. चिकटले नाही म्हणून मका सुरक्षित ठरत नाही, कारण पंधराच्या आतली खरी सुरक्षित रेघ तेराजवळ आहे, आणि ती मिठाला दिसत नाही. खरेदीच्या वेळी वाईट माल परत करायला ही परीक्षा पुरेशी आहे. साठवणीसाठी मात्र ओलावामापक हवा. दूध संस्थेने एक घेऊन ठेवला तर गावाचे काम भागते.

या सगळ्याच्या मुळाशी एक साधा निर्णय आहे, तो म्हणजे किती खाद्य एका वेळी घ्यायचे. भाव वाढतील म्हणून जूनमध्ये तीन महिन्यांचे खाद्य भरून ठेवण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. तीन महिन्यांत भावात जे वाचते ते तळाच्या काही पोत्यांत सहज जाते. पावसाळ्यात पंधरा-वीस दिवसांपुरतेच खाद्य घरी असावे, आधी आलेले आधी संपावे आणि पोत्यांवर आल्याची तारीख कोळशाने का होईना लिहिलेली असावी. तारखेचे हे काम सर्वांत सोपे आणि सर्वांत जास्त टाळले जाणारे आहे. थप्पी लावताना नवी पोती पुढे येतात आणि मागची, भिंतीकडची, सर्वांत जुनी पोती दिवाळीपर्यंत तशीच राहतात.

गोठ्यातली साठवण कितीही चांगली असली तरी ती एका गोष्टीसमोर हतबल असते. विष शेतातच झालेले असू शकते. दाणा भरताना पाण्याचा ताण पडला, मक्याच्या कणसाला किडीने पोखरले, काढणीवर परतीचा पाऊस आला की फ्लेव्हस गोदामाची वाट पाहत नाही. सरकी आणि शेंगदाण्याचेही तेच. पेंड काढताना बियांतले बी 1 तेलात फारसे जात नाही, ते पेंडीतच राहते. म्हणजे घरी आणलेल्या कोरड्या, खणखणीत सरकी पेंडीतही ते आधीपासून असू शकते. म्हणून एकाच घटकावर सगळा खुराक अवलंबून ठेवू नये, या सल्ल्याला पोषणाइतकाच सुरक्षिततेचाही आधार आहे. दिवसाला सहा किलो खुराकात दोन किलो सरकी पेंड असेल आणि ती 150 मायक्रोग्रॅमची निघाली तर एकट्या पेंडीतून 300 मायक्रोग्रॅम जातात. एक किलो असती तर निम्मे गेले असते.

जनावर काय सांगते याकडे वळण्याआधी एक सावधगिरी. दुधातले एम 1 मर्यादेबाहेर गेले तरी गाय बहुतेक वेळा ठणठणीत दिसते. भूक मंदावणे, दूध उतरणे, केस निस्तेज होणे, वारंवार आजारपण, वासरांची खुंटलेली वाढ ही लक्षणे जास्त मात्रेची, लांबलेली आहेत, आणि ती दहा वेगळ्या कारणांनीही दिसतात. त्यामुळे जनावर बरे आहे यावरून खाद्य बरे आहे असे ठरवता येत नाही. वासरे मोठ्या जनावरांपेक्षा लवकर बळी पडतात, एवढे मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. संशयित पोते वासरांना घालण्याची पद्धत त्यामुळे उलटी आहे.

हे पुस्तक या क्रमाने लिहिलेले नाही. लेखकांनी सुरुवात गोदामापासून न करता खरेदीपासून केली आहे आणि शेवट प्रयोगशाळेच्या अहवालावर केला आहे. शेतकऱ्याचे हात ज्या क्रमाने खाद्याला लागतात तोच हा क्रम. छोट्या गोठ्याचा, दूध संकलन केंद्राच्या गोदामाचा आणि खाद्य कारखान्याचा विचार त्यांनी वेगवेगळा केला आहे, कारण तिन्ही ठिकाणी पाणी वेगळ्या वाटेने येते. त्यांनी रसायनशास्त्र जेवढे लागते तेवढेच ठेवले आहे, याबद्दल काही जाणकार नाराज होतील. ज्यांच्यासाठी पुस्तक आहे ते होणार नाहीत. बाइंडरच्या निवडीवर त्यांनी कोणत्याही उत्पादनाचे नाव घेतलेले नाही. त्याऐवजी विक्रेत्याला कोणते प्रश्न विचारायचे ते दिले आहे: कोणत्या विषावर चाचणी झाली, जनावरांवर झाली की काचेच्या नळीत, किलोमागे किती मात्रा, आणि दुधातले एम 1 किती टक्क्यांनी घटले.

एका प्रश्नावर मात्र लेखक कठोर आहेत आणि तिथे मी त्यांच्या बाजूने आहे. बुरशी आलेले पोते उन्हात घालून, चाळून, चांगल्यात मिसळून वापरायचे की नाही? ऊन ओलावा काढते, बुरशीची वाढ थांबवते, पण तयार झालेले विष खाद्यात राहतेच. चाळल्याने मोठे गोळे जातात, बारीक चुऱ्यातले जात नाही. मिसळल्याने विष कमी होत नाही, ते फक्त जास्त जनावरांत वाटले जाते. युरोपच्या कायद्याने असे मिसळणे बंद केले आहे, आपल्याकडे ते उघडपणे चालते. बिघडलेले पोते बकऱ्यांना, कोंबड्यांना किंवा शेजाऱ्याच्या डुकरांना देणे हाही उपाय नाही. कोंबड्यांच्या जवळची बदके आणि टर्की तर या विषाला सर्वांत नाजूक आहेत. असे पोते कंपोस्टच्या खड्ड्यात जावे, वर मातीचा थर द्यावा आणि जनावरांचे तोंड तिथे पोहोचू नये. फोडताना नाकातोंडाला फडके बांधावे, कारण उडणाऱ्या धुळीत बुरशीचे बीजाणू असतात.